सोसायटीच्या गच्चीवर सोलर: परवानगीचा अर्ज, गच्चीवरचा भार आणि खर्चाची वाटणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आमची २० फ्लॅटची सोसायटी आहे. खाली पार्किंग, वर पाच मजले, एक लिफ्ट, दोन पंप. माझ्या फ्लॅटसाठी गच्चीवर सोलर बसवायची परवानगी मी मागितली तेव्हा पहिला अर्ज परत आला. दुसरा मंजूर झाला आणि त्याच सभेत लिफ्ट, पंप, दिव्यांच्या कॉमन मीटरसाठीही संच बसवायचं ठरलं. तेव्हापासून इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कॉलेज रोड अशा भागांतल्या सोसायट्यांमधून जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आकडे आमच्या इमारतीचे आहेत. तुमचे वेगळे येतील, हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

अर्ज कोणाकडे करायचा? कमिटीने "हो" म्हटलं की पुरे का?

अर्ज सेक्रेटरींच्या नावे करायचा आणि पोच घ्यायची. पण नुसत्या कमिटीच्या होकारावर पॅनेल चढवू नका. गच्ची सगळ्या सभासदांची सामाईक जागा आहे. तिचा एक भाग २५ वर्षं एकाच्या वापरात जाणार असेल, तर तो निर्णय सर्वसाधारण सभेचा आहे. कमिटी दर पाच वर्षांनी बदलते, आणि सभेचा ठराव नसेल तर नवी कमिटी "हे कोणी बसवू दिलं?" असं विचारू शकते.

आदर्श उपविधींप्रमाणे विशेष सभेची नोटीस पूर्ण ५ दिवस आधी द्यावी लागते. गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली जी संख्या कमी असेल ती. आमच्याकडे २० सभासद, म्हणून १४ जण हजर असणं गरजेचं होतं. नोटिशीत सोलर हा विषय स्वतंत्र क्रमांकाने छापून घ्या. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय" या मथळ्याखाली तो उरकला, तर पुढे कोणीही हरकत घेईल आणि ती हरकत रास्त असेल.

आमची सोसायटी नोंदलेली नाही, आम्ही अपार्टमेंट आहोत. तिथे काय?

नाशिकमध्ये हा प्रश्न फार येतो, कारण इथे असंख्य इमारती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. तुमच्या इमारतीचं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, काढून वाचा. प्रत्येक फ्लॅटचा सामाईक जागेतला टक्का त्यात दिलेला असतो. गच्ची सामाईक आहे की तिचा काही भाग वरच्या फ्लॅटला जोडून दिलाय, हेही त्यातच सापडतं. सामाईक खर्च त्या टक्केवारीने वाटला जातो. त्यामुळे खाली खर्चाचा जो हिशेब दिलाय तिथे "समान वाटणी" ऐवजी "टक्क्याप्रमाणे" असं वाचा.

तुमचा पहिला अर्ज परत का आला?

कारण तो चार ओळींचा होता. "मला ३ किलोवॅटचा सोलर बसवायचा आहे, परवानगी द्यावी" आणि सोबत एजन्सीचं कोटेशन. सभेत तीन प्रश्न निघाले. स्लॅबला झेपेल का? गळलं तर कोण बघणार? आणि सगळ्यांनीच मागितलं तर जागा कुठून आणायची? माझ्याकडे एकाचंही उत्तर कागदावर नव्हतं. सभासदांचं काही चुकलं नाही. पाचव्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला एकदा ओल येऊन गेली होती आणि ती भीती त्यांच्या मनात होती.

दुसऱ्या अर्जाला मी चार कागद जोडले: गच्चीचा मोजमापासह नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, पाय कसे बसवणार याचं रेखाचित्र आणि हमीपत्र. अर्जाचा मुख्य मजकूर असा होता:

"माझ्या फ्लॅटच्या वीजजोडणीसाठी सामाईक गच्चीवर, सोबतच्या नकाशात दाखवलेल्या जागेत, २ किलोवॅटचा सौर संच स्वखर्चाने बसवण्यास परवानगी मिळावी. या जागेवर माझा मालकी हक्क निर्माण होणार नाही, ही परवानगी फक्त वापराची राहील. गच्चीची दुरुस्ती किंवा वॉटरप्रूफिंग करताना सोसायटीने ३० दिवस आधी लेखी कळवल्यास मी संच स्वखर्चाने काढून पुन्हा बसवीन. माझ्या संचाच्या पायांमुळे गळती झाल्याचे सोसायटीच्या इंजिनिअरने सांगितल्यास दुरुस्तीचा खर्च माझा राहील. फ्लॅट विकल्यास या अटी खरेदीदारावर बंधनकारक राहतील असे मी विक्री करारात लिहीन."

३ किलोवॅटचे २ किलोवॅट का झाले, ते पुढच्याच प्रश्नात येतं.

गच्चीवर एका फ्लॅटला किती जागा मिळते?

लोकांना वाटतं त्यापेक्षा बरीच कमी. सोलरच्या निमित्ताने होणारी भांडणं बहुधा या एका गोष्टीवरून होतात, म्हणून सभेआधी गच्ची टेप लावून मोजाच.

आमची गच्ची सुमारे ४,३०० चौरस फूट. त्यातून जिन्याची आणि लिफ्टची खोली, पाण्याच्या टाक्या, जुने सोलर वॉटर हीटर आणि या सगळ्यांची सावली पडते तो भाग वजा केला. पॅरापेटपासून चहूबाजूंनी साधारण पाच फूट पट्टा सोडला, कारण कडेला आणि कोपऱ्यात वारा सगळ्यात जास्त उचलतो आणि माणसाला फिरायलाही जागा लागते. उरली सुमारे २,००० चौरस फूट.

५०० वॅटचं एक पॅनेल साधारण २.१ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं. पॅनेल एकत्र टेबलावर, म्हणजे एका लोखंडी सांगाड्यावर, मांडली आणि मधल्या वाटा धरल्या, तर आमच्याकडे दर किलोवॅटला ७० चौरस फूट जागा लागली. कॉमन मीटरच्या ४ किलोवॅटला २८० चौरस फूट गेले. राहिलेले १,७२० चौरस फूट २० फ्लॅटमध्ये वाटले तर प्रत्येकी ८६, म्हणजे जेमतेम १.२ किलोवॅट. मी ३ किलोवॅट मागत होतो तेव्हा शेजाऱ्यांच्या वाट्याची जागा मागत होतो, आणि हे मला माहीतही नव्हतं.

सभेने तोडगा असा काढला. प्रत्येक फ्लॅटला कमाल २ किलोवॅट. अर्जांसाठी दोन महिन्यांची मुदत, म्हणजे "आधी येईल त्याला" असा प्रकार नको. सात जणांनी अर्ज केले. त्यांना मिळून ९८० चौरस फूट लागले, ७४० शिल्लक राहिले. प्रत्येकाने ८६ च्या वर जी ५४ चौरस फूट जास्तीची जागा घेतली ती उसनी आहे, असं ठरावात स्पष्ट लिहिलं. त्या जागेचं वार्षिक शुल्क गच्ची दुरुस्तीच्या खात्यात जमा होतं. उद्या उरलेल्यांपैकी कोणी अर्ज केला आणि जागा कमी पडली, तर उसनी जागा चिठ्ठी टाकून परत करायची. पॅनेल सुटी काढता येतात, त्यामुळे हे करता येण्यासारखं आहे.

दुसरा मार्गही आहे. गच्चीवर सगळ्यांचा एकच संच उभारायचा आणि तयार होणारी युनिटं ठरलेल्या प्रमाणात वेगवेगळ्या मीटरच्या बिलात वळती करायची. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत हा प्रकार अनुदानाला पात्र आहे. सात स्वतंत्र इन्व्हर्टर आणि सात केबलींपेक्षा हा रस्ता मला जास्त न्याय्य वाटतो. मात्र त्याला सगळ्यांची एकाच वेळी तयारी लागते. महावितरणच्या आपल्या उपविभागात आधी जाऊन प्रक्रिया समजून घ्या, मगच सभेत मांडा.

स्लॅबला पॅनेलचं वजन झेपेल का?

आमचं कॉमन टेबल घेऊ. ५०० वॅटची ८ पॅनेल, एकेक सुमारे २६ किलो, म्हणजे २०८ किलो. खालचा गॅल्व्हनाईझ केलेल्या लोखंडाचा सांगाडा उंच असल्यामुळे जवळपास ३०० किलोचा. सगळं मिळून साधारण ५०० किलो, आणि टेबलाचं क्षेत्र १९ चौरस मीटर. दर चौरस मीटरला २६ किलो पडले. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५, भाग २) दर चौरस मीटरला १५० किलो वरचा भार धरून डिझाइन करतात. चांगल्या अवस्थेतल्या स्लॅबला एवढं वजन जड नाही.

पण दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, हे वजन पसरून पडत नाही, सहा पायांवर पडतं. ते पाय बीमच्या किंवा कॉलमच्या रेषेवर यायला हवेत, स्लॅबच्या मधोमध नाही. दुसरी, त्या स्लॅबवर आधीच काय आहे? पूर्वी गळती झाली म्हणून जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवलेला असतो. चार इंच जास्तीचा कोबा म्हणजे दर चौरस मीटरला सहज २०० किलो, पॅनेलपेक्षा कितीतरी जास्त. इंजिनिअरला हे सांगा. आमच्या इंजिनिअरने पाचव्या मजल्यावरच्या घरांत जाऊन छत खालून पाहिलं, हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते तपासलं आणि बीमवर गंजाच्या तांबड्या रेघा शोधल्या.

इमारत १५ वर्षांच्या पुढची असेल तर उपविधींनुसार दर ५ वर्षांनी, आणि ३० च्या पुढची असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावंच लागतं. ते राहून गेलं असेल तर आधी ते करा. छताचं प्लॅस्टर सुटून सळ्या दिसत असतील, तर सोलरचा विषय दुरुस्ती होईपर्यंत बाजूला ठेवा.

मग इंजिनिअरला काळजी कशाची असते?

वाऱ्याची. सभेत सगळे वजनावर बोलतात, पण संच खाली दबण्यापेक्षा वर उचलला जाण्याचा धोका मोठा असतो.

वाऱ्याच्या मानकात (आयएस ८७५, भाग ३) नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. दाब काढायचं सूत्र सोपं आहे: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ३९ चा वर्ग १,५२१, त्याला ०.६ ने गुणलं की ९१३ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. इमारतीची उंची आणि भोवतालची मोकळी जागा पाहून इंजिनिअर यात फेरफार करतो. आपण ढोबळ हिशेब करू. १९ चौरस मीटरला ९३ किलोप्रमाणे वारा आमचं टेबल जवळजवळ पावणेदोन टन ताकदीने उचलू पाहणार, आणि टेबलाचं स्वतःचं वजन फक्त अर्धा टन.

बाकीचा सव्वा टन कोणी धरून ठेवायचा? पहिल्या कोटेशनमध्ये एक फूट लांबी-रुंदी-उंचीचे काँक्रीटचे सहा ठोकळे होते. एक ठोकळा सुमारे ६५ किलोचा, सहा मिळून ३९० किलो. टेबल धरून ८९० किलो, म्हणजे लागतात त्याच्या निम्मेच. दीड फुटाचे ठोकळे घेतले तर एकेक सव्वादोनशे किलोच्या आसपास जातो. मग बेरीज जेमतेम वाऱ्याइतकी होते, पण सुरक्षिततेसाठी वर जी जास्तीची ताकद धरायची असते ती उरत नाही, आणि स्लॅबवर वजन वाढतं ते वेगळंच. म्हणून उंच सांगाड्याला नुसते ठेवलेले ठोकळे चालत नाहीत. पायाची सळई बीममध्ये केमिकल अँकरने पक्की करावी लागते आणि खांबांना तिरके टेकू द्यावे लागतात.

नाशिकला मे महिन्यात वळवाचं वादळ येतं तेव्हा पत्रे उडालेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. एजन्सीकडे तुमच्या इमारतीच्या उंचीसाठी केलेला वाऱ्याचा हिशेब आणि त्यावर इंजिनिअरची सही मागा. "आम्ही सगळीकडे असंच बसवतो" हे त्याचं उत्तर नव्हे.

गच्चीला भोकं पाडल्यावर गळणार नाही का?

चुकीच्या पद्धतीने पाडली तर नक्की गळेल. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे स्लॅबवर विटांचे तुकडे आणि सिमेंटचा चार ते सहा इंचांचा थर. घाईत काम करणारा माणूस ड्रिल मारून त्या कोब्यातच बोल्ट ठोकतो. बोल्ट वरून घट्ट दिसतो, पण तो विटांच्या तुकड्यांत रुतलेला असतो, काँक्रीटमध्ये नाही. वाऱ्याने तो हलतो, भोक सैल होतं, पाणी कोब्यात शिरतं आणि आतल्या आत फिरत राहतं. म्हणूनच ओल पायाच्या बरोबर खाली दिसत नाही, दहा फुटांवर दिसते, आणि मग सोलरचा संबंध कोणाच्या लक्षातच येत नाही.

आमच्याकडे काम असं झालं. पायाच्या जागी कोबा चौकोनी कापून खाली मूळ काँक्रीट उघडं केलं. तिथे बीमवर भोकं पाडून, हवेने धूळ काढून, केमिकल भरून सळया बसवल्या. धूळ नीट काढली नाही तर केमिकल काँक्रीटला धरत नाही, म्हणून त्या वेळी आपलं कोणीतरी समोर उभं राहावं. दुसऱ्या दिवशी दोन सळयांवर ओढून बघायची चाचणी घेतली. मग पायाखालचं काँक्रीटचं पेडेस्टल ओतलं, कोब्याच्या पातळीपेक्षा नऊ इंच वर आणलं, कडेने सिमेंटची गोलाई दिली आणि वॉटरप्रूफिंगचा थर गोलाईवरून वर चढवला. सात दिवस ओलं ठेवल्यानंतर बांध घालून ४८ तास पाणी साठवलं. खालच्या चारही फ्लॅटमध्ये जाऊन छत पाहिलं, फोटो काढले, आणि कोरडं आहे हे कळल्यावरच सांगाडा चढवला.

पाणी साठवून बघायची चाचणी ठेकेदाराला नको असते, कारण त्याची माणसं आठवडाभर रिकामी राहतात. ती वर्क ऑर्डरमध्येच लिहा आणि २० टक्के पैसे पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा.

पॅनेल पॅरापेटच्या भिंतीला बांधली तर?

नको. ती भिंत विटांची असते, तिच्यावर असा ताण येईल हे धरून ती बांधलेली नसते.

कॉमन मीटरसाठी किती किलोवॅट घ्यावेत?

वर्षभराची १२ बिलं समोर ठेवा. आमचा वापर सरासरी महिना ६०० युनिट. नाशिकला वर्षाच्या सरासरीने एक किलोवॅट रोज सुमारे ४ युनिट देतो. मार्च ते मे भरपूर, जुलै-ऑगस्टला निम्म्याच्याही खाली जाऊ शकतो. या हिशेबाने ६०० युनिटला ५ किलोवॅट लागतात, आणि एजन्सीने तेवढेच सुचवले होते.

आम्ही ४ घेतले. कारण बिलाचे टप्पे. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, दिव्यांचं मीटर घरगुती दरात येतं आणि त्यात १००, ३०० आणि ५०० युनिटला दर चढतो. सोलर आधी वरची महाग युनिटं कापतो. ज्या वर्षी ठरवलं त्या वर्षीच्या दराने स्थिर आकार सोडून आमचं बिल महिना सुमारे ९,००० रुपये होतं. पहिल्या ३ किलोवॅटने त्यातले ६,५०० वाचत होते, चौथ्याने आणखी १,६००, आणि पाचव्याने फक्त ९५०. पाचव्या किलोवॅटला पैसे मात्र पहिल्याएवढेच लागतात. दर बदलत राहतात, पण ही उतरंड राहतेच, म्हणून आपल्या बिलावर हा हिशेब करून बघा. स्थिर आकार संच बसवल्यावरही भरावा लागतो, "शून्य बिल" असं सभेत कोणाला सांगू नका.

खर्च कसा वाटायचा? तळातला, बंद फ्लॅटचा, भाडेकरूचा वाटा किती?

आमचा कॉमन संचाचा हिशेब असा. उंच सांगाड्यासह ४ किलोवॅटचे २,८०,००० रुपये. सहा पेडेस्टल आणि वॉटरप्रूफिंगचे ३६,०००. इंजिनिअरची फी पूर्ण गच्चीसाठी १८,००० होती. ती एकूण १८ किलोवॅटवर वाटली, म्हणून सोसायटीचे ४,००० आणि २ किलोवॅट घेणाऱ्या प्रत्येक फ्लॅटचे २,०००. सोसायटीची बेरीज ३,२०,०००. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० अनुदान आहे, म्हणजे ७२,०००. निव्वळ खर्च २,४८,०००, प्रत्येक फ्लॅटला १२,४००.

अनुदान संच सुरू झाल्यावर खात्यात येतं, एजन्सीला मात्र आधी द्यावं लागतं. म्हणून वर्गणी १६,००० प्रमाणे घेतली आणि अनुदान आल्यावर ३,६०० पुढच्या मेंटेनन्समध्ये वळते केले. आम्ही बचत जरा कमीच, म्हणजे वर्षाला ८५,००० धरली. तीन वर्षांत पैसे वसूल.

वाटणी समान केली, चौरस फुटांवर नाही. उपविधींत सेवाशुल्क सगळ्यांना समान आहे, आणि लिफ्टचा खर्चही वापर असो-नसो समानच आहे. ज्या बिलात सगळे सारखं भरतात, त्या बिलाची बचतही सारखी होणार. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी "मी लिफ्ट वापरत नाही" असं म्हटलं, तेव्हा त्यांना बिल दाखवलं. अर्ध्याहून जास्त युनिटं पंपाची होती. बंद फ्लॅटचा मालकही वाटा देतो. भाडेकरूकडून घेऊ नका, ही मालमत्ता मालकाची आहे.

दोन सभासदांना एकदम १६,००० जड होते. त्यांना आठ हप्ते दिले आणि तेवढे पैसे दुरुस्ती निधीतून तात्पुरते वापरले, ठरावात नोंदवून.

सिंकिंग फंडातून केलं तर?

तो निधी इमारतीची पुनर्बांधणी, मोठी दुरुस्ती, मजबुतीकरण यांसाठी असतो, आणि त्याला हात लावायला सभेच्या ठरावासोबत निबंधकांची पूर्वपरवानगी लागते. सोलरसाठी तो वापरू नका.

महावितरणकडे काय करावं लागतं?

pmsuryaghar.gov.in वर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज, नोंदणीकृत एजन्सीची निवड, संच उभारणी, मग नेट मीटर आणि तपासणी, आणि शेवटी अनुदानासाठी बँक खातं. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला वेगळ्या तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासाची गरज नाही, असा २०२४ पासूनचा केंद्राचा नियम आहे. वैयक्तिक संचाला २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलची असावी लागतात, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

अडतं ते वीजबिलावरच्या नावापाशी. फ्लॅट विकत घेतला, पण बिल अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर. सोसायटीचं कॉमन मीटरही कित्येकदा बिल्डरच्याच नावावर असतं. नाव बदलायचं काम सभेच्या आधीच सुरू करा.

लाईट गेल्यावर लिफ्ट चालेल का?

नाही. पुरवठा बंद झाला की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर आपोआप थांबतो, म्हणजे खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा धक्का बसत नाही. लिफ्टसाठी जनरेटर असेल तर सोलर आणि जनरेटर एकाच वेळी जोडले जाणार नाहीत अशी व्यवस्था एजन्सीकडून करून घ्या.

केबल कुठून खाली आणायच्या?

विजेच्या डक्टमधून, पाइपात घालून, प्रत्येक केबलवर फ्लॅट क्रमांकाची पट्टी लावून. लिफ्टच्या शाफ्टमधून कधीही नाही. तिथे लिफ्टशिवाय दुसरी केबल टाकायला मनाई आहे, तरी "जवळ पडतं" म्हणून सुचवणारे भेटतात. आकाशातल्या विजेसाठीचा वीजरोधक, डीसी आणि एसी यांचे अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे असावेत.

गच्चीवर कोजागिरी, पापड-कुरडयांचं वाळवण, संक्रांतीचे पतंग यांचं काय?

हा प्रश्न हलका समजू नका. आमच्याकडे पाच मतं यावरच अडली होती. आम्ही सांगाडा आठ फूट उंच घेतला, त्याचे पैसे जास्त लागले आणि वाऱ्याचा हिशेबही कडक झाला, पण खाली माणसं बसू शकतात. वाळवणासाठी पूर्वेचा ऊन असलेला पट्टा नकाशातच राखून ठेवला. पॅनेलखाली पत्रे टाकून आडोसा करायचा नाही, असंही ठरावात आहे. तसं केलं की ते बांधकाम ठरतं आणि महापालिकेचा प्रश्न उभा राहतो.

काही बिघडलंय हे कसं ओळखायचं?

दर महिन्याच्या एक तारखेला इन्व्हर्टरवरची युनिटं वहीत लिहा आणि शेजारच्या संचाशी ताडून बघा. सगळ्यांचं कमी झालं असेल तर ढग किंवा धूळ. एकाचंच कमी झालं असेल तर त्याच्या जोडणीत दोष किंवा नवी सावली. आमच्याकडे एका फ्लॅटचं उत्पादन डिसेंबरमध्ये घटलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली जातो, आणि नव्या उंच टाकीची सावली दुपारी दोन पॅनेलवर येत होती. टाकी सरकवली.

धुताना बोअरचं पाणी वापरलं तर पांढरे क्षार बसतात, नळाचं घ्या आणि सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना धुवा. मे महिन्यात सगळे नटबोल्ट तपासून आवळा. पहिल्या मोठ्या पावसानंतर पेडेस्टलभोवती पाणी साचतंय का ते बघा, आणि त्याच दिवशी खालच्या फ्लॅटचं छतही. पिवळसर डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. आठवड्याने डाग रेघेबाहेर गेला असेल तर गळती चालू आहे.

फ्लॅट विकला तर संचाचं काय होतं?

वैयक्तिक संच मालकाचा असतो, तो फ्लॅटसोबत विकू शकतो किंवा काढून नेऊ शकतो. काढून नेल्यास पेडेस्टल तसंच ठेवायचं, फक्त वरचे बोल्ट कापून सिमेंटने बंद करायचे, कारण ते उखडलं की वॉटरप्रूफिंग फुटतं. जागेची परवानगी नव्या मालकाकडे आपोआप जात नाही, त्याने हमीपत्रावर सही केल्यावरच सोसायटी ती नावावर करते. आमच्या सेक्रेटरींनी हे ना हरकत दाखल्याच्या यादीत जोडलंय. आमच्याकडे नुकताच असा एक फ्लॅट विकला गेला, तेव्हा ती सही दाखला देण्याआधीच घेतली.